बदलीच्या गावी नोकरी : मुलाखतीतील तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतर राज्याच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. तरीही काम शिकलेला माणूस आणि कामाची जागा एकाच तालुक्यात असतील, असे नेहमीच घडत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत ओतकामाचे कारखाने आहेत आणि पुणे जिल्ह्यातील चाकण परिसरात मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे. एका ठिकाणी अनुभव घेतलेल्या कारागिराला किंवा पदविकाधारकाला दुसऱ्या ठिकाणाहून बोलावणे येते. मुलाखतीत कामाविषयीचे प्रश्न संपले की तीन प्रश्न हमखास विचारले जातात. येथे येऊन राहण्याची तयारी आहे का? घरी कोण कोण असते? रुजू केव्हा होता येईल?

हे प्रश्न औपचारिक आहेत असे समजून पुष्कळ उमेदवार घाईने उत्तरे देतात. “कोठेही यायला तयार आहे, घरची काही अडचण नाही, आपण सांगाल त्या दिवशी हजर होतो,” हे उत्तर ऐकायला बरे वाटते. पुढे नियुक्तिपत्र हाती पडते आणि घरी विचारविनिमय सुरू होतो. मग तारीख एकदा पुढे ढकलावी लागते, दोनदा ढकलावी लागते आणि अखेरीस नकार कळवावा लागतो. तोपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा दिलेला असेल, तर दोन्ही नोकऱ्या हातच्या जातात. मुलाखतीच्या शेवटच्या पाच मिनिटांत दिलेल्या उत्तरांवर एका कुटुंबाचे वर्ष अवलंबून राहते ते असे.

विचारणाऱ्याची गरज

उत्तर नीट द्यायचे तर प्रश्नामागील गरज आधी ओळखली पाहिजे. कारखान्यातील जागा रिकामी असते, तेव्हा तिचे काम दुसऱ्या कोणावर तरी टाकलेले असते. ही तात्पुरती सोय किती दिवस चालवायची, हे भरती करणाऱ्या अधिकाऱ्याला ठरवावयाचे असते. निवडलेला उमेदवार आला नाही तर यादीतील दुसऱ्याला बोलवावे लागते आणि महिना लोटल्यावर तो दुसराही बहुधा अन्यत्र लागलेला असतो. उमेदवार येऊन तीन महिन्यांत परत गेला, तर शिकवणीचा खर्च वाया जाऊन सारी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. सारांश, अधिकाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात : भरवशाची तारीख आणि आलेला माणूस टिकेल याची खात्री. घरच्या परिस्थितीची चौकशी बहुधा दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

म्हणून जवळची पण अनिश्चित तारीख सांगण्यापेक्षा थोडी लांबची पण पक्की तारीख सांगणे उमेदवाराच्या हिताचे ठरते. अशी तारीख मुलाखतीच्या खोलीत बसून सुचत नाही. ती घरून, हिशेब करूनच न्यावी लागते. हा हिशेब कसा मांडावा, हे एका उदाहरणावरून पाहू.

एक उदाहरण

हातकणंगले तालुक्यातील एका गावचा तेहतीस वर्षांचा यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे, असे धरू. शिरोलीच्या ओतकाम कारखान्यात तो सहा वर्षे गुणवत्ता तपासनीस आहे. चाकणच्या एका कारखान्यातून त्याला मुलाखतीचे बोलावणे आले आहे. मुलाखत १० फेब्रुवारीला आहे. त्याच्या घरी आईवडील, धाकटा भाऊ, पत्नी आणि चौथीत शिकणारा मुलगा आहे. दीड एकर शेती धाकटा भाऊ पाहतो. पत्नी त्याच गावच्या अंगणवाडीत सेविका आहे.

या सर्वांत निर्णायक बाब शेवटची आहे. अंगणवाडी सेविकेची नेमणूक स्थानिक रहिवासी स्त्रीचीच होते. हे मानसेवी पद गावाशी बांधलेले आहे. पतीची नोकरी चाकणला गेली म्हणून शिक्षिकेप्रमाणे बदली मागून तिला तिकडे जाता येत नाही. कुटुंब हलले तर ते पद सोडावे लागते आणि पुढे परत आल्यावर ते मिळेलच असे नाही. त्यामुळे “घरची काही अडचण नाही” हे उत्तर या उमेदवाराने दिले, तर ते खरे ठरणार नाही. “पत्नीची नोकरी आहे, त्यामुळे जमणे कठीण,” एवढेच म्हणून तो थांबला, तर हाती आलेली संधी जाईल. या दोहोंच्या मधले खरे उत्तर त्याला शोधावयाचे आहे.

पहिला प्रश्न : तयारी

स्थलांतराची तयारी म्हणजे एकच गोष्ट नव्हे. उमेदवाराने स्वतः जाणे आणि कुटुंबाने जाणे, हे दोन निर्णय आहेत आणि ते एकाच दिवशी घ्यावे लागत नाहीत. ते वेगळे केले की हिशेब सोपा होतो.

समजा, सध्या हाती पडणारा पगार २६,००० रुपये आहे आणि नव्या ठिकाणी तो ३६,००० रुपये मिळेल. वाढ १०,००० रुपयांची दिसते. उमेदवार एकटाच गेला, तर खोलीतील वाट्याचे भाडे ४,५०० रुपये, खानावळीचे ३,५०० रुपये आणि महिन्यातून दोनदा गावी जाण्यायेण्याचे १,६०० रुपये, असा ९,६०० रुपयांचा नवा खर्च उभा राहतो. शिल्लक राहतात ४०० रुपये. सारे कुटुंब नेले, तर दोन ठिकाणचा खर्च वाचतो. परंतु दोन खोल्यांचे भाडे अधिक पडते आणि पत्नीचे मानधन बुडते. ते मानधन पगारातील वाढीहून कमी नाही. म्हणजे आजच्या घडीला कुटुंब नेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हीच बेरीज-वजाबाकी करावी.

हिशेब असा कागदावर आला, की मुलाखतीत काय विचारावयाचे तेही कळते. कारखान्यात जेवणाची सोय सवलतीच्या दरात आहे का, कामगारांसाठी बस आहे का, सामान हलविण्याचा खर्च मिळतो का आणि पहिले काही दिवस राहण्याची व्यवस्था होते का, हे चार प्रश्न विचारणे गैर नाही. एक वेळचे जेवण कारखान्यात स्वस्तात मिळाले आणि खानावळीचा खर्च १,८०० रुपयांवर आला, तर शिल्लक ४०० वरून २,१०० रुपये होते. कायम झाल्यानंतर पगार किती वाढतो, हेही विचारून घ्यावे. कारण या उमेदवाराच्या दृष्टीने जाण्याचे खरे कारण पहिल्या महिन्याची शिल्लक हे नसून मोठ्या कारखान्यातील पुढची चढण हे आहे. ती चढण आहे की नाही, याची माहिती होकार देण्यापूर्वी हवी.

एवढा विचार झाल्यावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येते : “होय, मी स्वतः चाकणला राहायला येईन. कुटुंब पहिले वर्ष गावीच राहील.”

दुसरा प्रश्न : घरची परिस्थिती

या प्रश्नाला उत्तर देताना उमेदवार दोन टोकांना जातात. काही जण सारे दडवतात, तर काही जण आईच्या मधुमेहापासून भावाच्या लग्नापर्यंतची सारी हकीकत सांगतात. सांगण्याची मर्यादा कामाच्या संबंधावरून ठरवावी. ज्या गोष्टीचा रुजू होण्याच्या तारखेवर, हजेरीवर किंवा टिकून राहण्यावर परिणाम होईल, ती सांगावी आणि तिची काय व्यवस्था केली आहे, हे त्याच वाक्यात सांगावे. बाकीचे सांगण्याचे कारण नाही.

आपल्या उदाहरणातील उमेदवाराचे उत्तर असे होईल : “साहेब, आईवडील गावी भावाजवळ असतात. त्यांची देखभाल आणि शेती तोच पाहतो. माझी पत्नी गावातच अंगणवाडी सेविका आहे, म्हणून ती आणि मुलगा सध्या तेथेच राहतील. साप्ताहिक सुटीला महिन्यातून दोनदा मी गावी जाईन. त्यासाठी वेगळी रजा लागणार नाही.” या उत्तरात अडचण लपविलेली नाही, पण ती अधिकाऱ्याच्या पदरातही टाकलेली नाही. पत्नी दूर असल्यामुळे हा माणूस लवकर परत जाईल, ही शंका अधिकाऱ्याच्या मनात येणारच असते. व्यवस्था आधीच सांगितल्यामुळे ती बरीचशी दूर होते.

ज्या व्यवस्थेविषयी घरात बोलणे झालेले नाही, ती मात्र मुलाखतीत सांगू नये. भाऊ शेती पाहील असे गृहीत धरणे वेगळे आणि भावाने तसे कबूल करणे वेगळे. पहिल्या पावसाळ्यात पेरणीच्या वेळी बोलावणे आले की हा फरक दिसून येतो.

स्त्री उमेदवारांच्या बाबतीत हा प्रश्न पुष्कळदा वेगळे रूप घेतो. लग्न केव्हा करणार, पतीची परवानगी आहे का, मूल लहान आहे तर कसे जमणार, असे प्रश्न पुरुष उमेदवारांना सहसा विचारले जात नाहीत. एकाच स्वरूपाच्या कामाच्या भरतीत लिंगाच्या कारणावरून भेद करण्यास १९७६ च्या समान पारिश्रमिक अधिनियमाने मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तशी मनाई आहे. अशा वेळी वाद न घालता उत्तर कामावर आणणे श्रेयस्कर : “राहण्याची व्यवस्था मी पाहिली आहे. पाळीच्या वेळा मला मान्य आहेत. पत्र मिळाल्यापासून चाळीस दिवसांत मी रुजू होईन.” अधिकाऱ्याला जे जाणण्याचा अधिकार आहे, ते सर्व या तीन वाक्यांत आले आहे. मुलाखत घेणाऱ्यांनीही तोच प्रश्न, त्याच शब्दांत, सर्व उमेदवारांना विचारण्याची शिस्त पाळली पाहिजे.

तिसरा प्रश्न : रुजू होण्याची तारीख

सर्वांत अधिक चुका या प्रश्नात होतात आणि त्यांचे कारण बहुधा एकच असते. उमेदवार दिवस मोजतो ते मुलाखतीपासून. वास्तविक ते लेखी नियुक्तिपत्र हाती पडल्यापासून मोजावयाचे असतात. “तुमची निवड झाली आहे, पत्र येईल,” या दूरध्वनीवरील निरोपावर राजीनामा देणे धोक्याचे आहे. पत्रात पद, पगार, कामाचे ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख या चारही गोष्टी पाहून मगच राजीनामा द्यावा.

राजीनाम्यानंतर पूर्वसूचनेचा कालावधी सुरू होतो. तो किती, हे सध्याच्या नोकरीच्या नियुक्तिपत्रात लिहिलेले असते. ते पत्र मुलाखतीस जाण्यापूर्वी काढून वाचावे. एक महिना असे समजून चाललेल्या उमेदवाराच्या पत्रात कायम झाल्यानंतर दोन किंवा तीन महिने असे कलम निघते, तेव्हा सारा हिशेब कोसळतो. राजीनामा लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच व तारीख घ्यावी, म्हणजे मुदत कोणत्या दिवशी सुरू झाली याविषयी वाद राहत नाही.

आपल्या उमेदवाराच्या पत्रात ३० दिवसांची पूर्वसूचना आहे. नियुक्तिपत्र २० फेब्रुवारीला मिळाले, तर २१ फेब्रुवारीला राजीनामा देता येईल. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरल्यास ३० दिवस २३ मार्चला पूर्ण होतील. त्यानंतरचे आठ दिवस त्याने तीन कामांसाठी ठेवले आहेत : हिशेब व कार्यमुक्तीचे पत्र मिळविणे, चाकणला खोली पाहणे आणि सामान नेणे. रुजू होण्याचा दिवस येतो १ एप्रिल. पत्र मिळाल्यापासून हे बरोबर ४० दिवस झाले. म्हणून त्याचे उत्तर “१ एप्रिल” एवढेच नसावे. ते असे असावे : “लेखी पत्र मिळाल्यापासून ४० दिवसांत रुजू होईन. २० फेब्रुवारीपर्यंत पत्र मिळाले, तर १ एप्रिलला येईन.” पत्र आठवडाभर उशिरा, २७ फेब्रुवारीला आले, तर तारीख आपोआप ८ एप्रिल होते आणि शब्द मोडल्याचा दोष उमेदवाराकडे येत नाही.

मधले आठ दिवस अनावश्यक वाटतात, पण तसे नाही. जुन्या कारखान्यातून कार्यमुक्तीचे पत्र शेवटच्या दिवशीच मिळेल असे नसते. नव्या कारखान्यात मात्र ते पहिल्याच दिवशी मागितले जाते. खोलीच्या बाबतीतही घाई नडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे घर देण्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. त्यासाठी मालकाची गाठ पडणे, अनामत रक्कम ठरणे आणि नोंदणी होणे, यांत दोनतीन दिवस सहज जातात.

अधिकारी म्हणेल, “आम्हाला १५ मार्चला माणूस हवा आहे.” येथे लगेच मान डोलावू नये. १५ मार्चला रुजू व्हावयाचे, तर जुन्या ठिकाणचा शेवटचा दिवस १४ मार्च येतो आणि पूर्वसूचनेचे नऊ दिवस कमी पडतात. पत्रात तशी तरतूद असेल, तर नऊ दिवसांचा पगार भरून सुटका होऊ शकते. शिल्लक रजा त्यात वळती करणे हे मात्र जुन्या व्यवस्थापनाच्या मर्जीवर असते आणि राजीनामा देईपर्यंत ती मर्जी विचारता येत नाही. म्हणून प्रामाणिक उत्तर असे : “माझी पक्की तारीख पत्रापासून ४० दिवसांची आहे. राजीनामा दिल्यावर लवकर मोकळे करण्याची विनंती मी करीन. त्यांनी मान्य केल्यास दोन दिवसांत आपणास कळवीन. परंतु आपली व्यवस्था ४० दिवस धरूनच करावी.” पूर्वसूचना न देता निघून येण्याची तयारी दाखविणारा उमेदवार, उद्या आपल्यालाही तसाच सोडून जाईल, हे अनुभवी अधिकारी जाणून असतो.

कुटुंब हलविताना

वर्षभरानंतर कुटुंब नेण्याचे ठरले, तर तेव्हाचे वेळापत्रक मुलाच्या शाळेवरून ठरते. वार्षिक परीक्षेचा निकाल साधारणतः मेच्या आरंभी लागतो आणि विदर्भ सोडून इतरत्र नवे सत्र जूनच्या मध्यास सुरू होते. हा सहा आठवड्यांचा काळ स्थलांतरास सोयीचा असतो. सत्राच्या मध्येच जावे लागले, तरी मुलाचे शिक्षण अडू नये अशी तरतूद बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ५ मध्ये आहे. दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या बालकाला शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ द्यावयाचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेस प्रवेश लांबविता अथवा नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांनी ही तरतूद पालकांना सांगितली, तर दाखल्यासाठी होणाऱ्या खेपा व नव्या नोकरीतील सुट्या वाचतील.

शासकीय सेवेतील फरक

शासकीय भरतीत या प्रश्नांचे स्वरूप बदलते. तेथे तयारी तोंडी विचारली जाण्याऐवजी जाहिरातीतील अटींतून ती गृहीत धरलेली असते. अर्ज करणे म्हणजे त्या अटी मान्य करणे होय. म्हणून नेमणुकीचे कार्यक्षेत्र कोणते, जिल्हा, महसुली विभाग की सारे राज्य, हे अर्जापूर्वीच वाचले पाहिजे. रुजू होण्याची मुदत नियुक्ती आदेशात दिलेली असते. ती पाळणे शक्य नसेल, तर मुदत संपण्यापूर्वी कारणासह लेखी मुदतवाढ मागावी. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाला फारसा अर्थ उरत नाही. आधीच शासकीय सेवेत असलेल्याने नव्या पदासाठी अर्ज आपल्या कार्यालयामार्फत करावा, अन्यथा निवड झाल्यावर कार्यमुक्तीचे काम अडते आणि मागील सेवा जोडून मिळण्याचा प्रश्नही निर्माण होतो. अशा प्रकरणी अर्ज पुढे पाठविणाऱ्या अधिकाऱ्याने विलंब केला, तर त्याची किंमत कर्मचाऱ्याला मोजावी लागते, हे कार्यालयप्रमुखांनी ध्यानात ठेवावे.

घरचा कागद

मुलाखतीस निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून घरातील सर्वांसमक्ष वाचून दाखवाव्यात. स्वतः कोण जाणार व कुटुंब केव्हा जाणार ही पहिली ओळ. मागे राहणाऱ्यांची जबाबदारी कोणी घेतली ही दुसरी. सध्याच्या पत्रातील पूर्वसूचनेचे दिवस आणि त्यात जादा धरलेले दिवस ही तिसरी. किती रुपयांच्या खाली हे स्थलांतर परवडणार नाही ही चौथी. आपल्या उदाहरणातील घरी हा कागद वाचला गेला, तर पहिल्या ओळीवर पत्नीचे मत आधी घ्यावे लागेल, कारण तेथे तिचे पद पणाला लागले आहे. तिने वर्षभर गावी एकटीने घर सांभाळण्यास नकार दिला, तर चाकणचे उत्तर ‘नाही’ असेच राहील आणि ते १० फेब्रुवारीपूर्वी कळलेले सर्वांच्याच सोयीचे. तिने होकार दिला, तर ४० दिवसांचा शब्द देण्यास उमेदवार मोकळा आहे.